भाजक कोणता? दोन पातळ्यांच्या कॅशमधील मिस रेट

प्रोसेसर आणि मुख्य मेमरी यांच्यामध्ये साधारणपणे एकापेक्षा जास्त कॅश असतात. पहिली, म्हणजे एल१, अगदी लहान आणि वेगवान. दुसरी, एल२, तिच्याहून मोठी पण मंद. प्रोसेसरला हवी असलेली माहिती आधी एल१मध्ये शोधली जाते. तिथे ती सापडली नाही, म्हणजे ‘मिस’ झाला, तरच एल२ला विचारणा होते. तिथेही मिस झाला की मेमरीपर्यंत जावे लागते. सगळ्या विचारणा एल२च्या दारात पोचतच नाहीत, आणि म्हणूनच तिचा मिस रेट दोन प्रकारे मोजता येतो.

एल२च्या मिसना एल२पर्यंत आलेल्या विचारणांनी भागले की लोकल मिस रेट मिळतो. त्याच मिसना प्रोसेसरने केलेल्या एकूण विचारणांनी भागले की ग्लोबल मिस रेट मिळतो. अंश तोच राहतो, बदलतो तो भाजक. एल१च्या बाबतीत सगळ्या विचारणा तिच्याकडेच येत असल्याने तिचे दोन्ही दर एकच असतात.

कॅशग्राइंड हे साधन प्रोग्रॅम चालवून दोन पातळ्यांच्या कॅशचे अनुकरण करते. त्याने डेटाबद्दल पुढील आकडे दिले असे समजू. इथे `LLd` ही दुसरी पातळी आहे, आणि ओळी सोयीसाठी थोड्या आखूड केल्या आहेत.

```
D   refs:       200,000
D1  misses:       8,000
LLd misses:       2,000
D1  miss rate:     4.0%
LLd miss rate:     1.0%
```

एल१चा मिस रेट सरळ आहे: ८,००० भागिले २,००,०००, म्हणजे ४ टक्के. एल२पर्यंत पोचल्या त्या नेमक्या या ८,००० विचारणा. त्यांतल्या २,००० तिथेही फसल्या, म्हणून एल२चा लोकल मिस रेट २५ टक्के. आणि २,००० भागिले २,००,००० केले की ग्लोबल मिस रेट येतो १ टक्का. पडताळा सोपा आहे: ४ टक्क्यांचे २५ टक्के म्हणजे १ टक्का. हा गुणाकार जुळला नाही, तर मोजणीत कुठेतरी वेगळ्याच विचारणा मिसळल्या आहेत असे समजावे. एक नेहमीची चूक म्हणजे भाजकात `LL refs` हा आकडा घेणे. त्यात डेटाबरोबर सूचनांच्या कॅशचे मिसही धरलेले असतात, त्यामुळे केवळ डेटाचा लोकल मिस रेट त्यावरून काढता येत नाही.

कोणता दर कुठे वापरायचा, याचा हिशेब वेळेवर दिसतो. एल१ला १ सायकल, एल२ला आणखी १० आणि मेमरीला आणखी २०० सायकल लागतात असे धरू. सरासरी वेळ अशी निघते:

```
1 + 0.04 × (10 + 0.25 × 200) = 3.4
```

कंसात लोकल दरच हवा, कारण तिथे फक्त एल१मध्ये फसलेल्या विचारणांचीच गोष्ट चालली आहे. त्या जागी चुकून १ टक्का घातला तर उत्तर १.४८ सायकल येते, म्हणजे यंत्रणा आहे त्याच्या दुपटीहून जास्त वेगवान भासते. ग्लोबल दर वापरायचाच असेल तर तो कंसाबाहेर हवा: `1 + 0.04 × 10 + 0.01 × 200`. उत्तर पुन्हा ३.४.

२५ टक्के हा आकडा पाहून एल२ कुचकामी आहे असे वाटू शकते, पण तो निष्कर्ष घाईचा ठरेल. पुन्हा पुन्हा लागणारी, सहज सापडणारी माहिती एल१ने आधीच पुरवलेली असते. एल२च्या वाट्याला उरतात त्या अवघड विचारणा. एल१चा आकार वाढवला आणि तिचे मिस ८,००० वरून ४,००० वर आले असे समजू. वाचलेल्या विचारणांपैकी बहुतेक एल२मध्ये सापडल्याच असत्या, म्हणून एल२चे मिस फारसे घटत नाहीत. ते १,९०० होतात असे धरू. आता लोकल मिस रेट ४७.५ टक्के, जवळजवळ दुप्पट! ग्लोबल मात्र ०.९५ टक्के, आणि सरासरी वेळ ३.१ सायकल. यंत्रणा सुधारली, तरी लोकल दर बिघडलेला दिसतो. एल२चे मूल्यमापन करायचे तर ग्लोबल दर अधिक विश्वासाचा आहे, कारण लोकल दर एल१ बदलली की हलतो.

साधनेही याबाबत एकसारखी वागत नाहीत. कॅशग्राइंडचा `LLd miss rate` ग्लोबल असतो. लिनक्सवरील `perf stat` मात्र `LLC-load-misses` या ओळीपुढे जी टक्केवारी दाखवते, ती सर्वांत बाहेरच्या कॅशपर्यंत पोचलेल्या विचारणांवर काढलेली, म्हणजे लोकल असते.