मुलाखतीत सुचवलेलं पुस्तक आणि नंतरचं पत्र

मुलाखत संपत आली की समोरचा माणूस जरा सैल होतो. कामाचे प्रश्न संपलेले असतात. मग तो सहज म्हणतो, “या विषयावर एक चांगलं पुस्तक आहे, जमलं तर वाचा.” उमेदवार मान हलवतो, “हो सर, नक्की,” म्हणतो आणि लिफ्टपर्यंत पोचेपर्यंत पुस्तकाचं नाव विसरतो. मी बरीच वर्षं मालवाहतूक आणि गोदामाच्या कामासाठी माणसं निवडतो आहे. मी सुचवलेलं पुस्तक वाचून परत लिहिणारे उमेदवार मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. त्यातल्या एका मुलीचं पत्र मी जपून ठेवलं आहे.

ती डिस्पॅच सुपरवायझरच्या जागेसाठी आली होती. आधीच्या कारखान्यात ट्रकमध्ये चुकीचा माल जायचा, त्यावर आमचं बोलणं झालं. निघताना मी तिला अतुल गवांदे यांचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ वाचायला सांगितलं. गवांदे अमेरिकेत शल्यचिकित्सक आहेत आणि त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. 2009 साली आलेलं हे पुस्तक शस्त्रक्रियेबद्दल आहे, तसंच विमान उडवण्याबद्दल आणि उंच इमारती बांधण्याबद्दलही आहे. जाणकार माणसांच्या हातूनही साध्या गोष्टी का सुटतात आणि छोटी यादी त्या कशा पकडते, हा त्याचा विषय.

त्या मुलीने दोन पत्रं पाठवली, आणि तिथेच तिचं पहिलं शहाणपण दिसलं. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळींचा आभाराचा मेल आला. त्यात पुस्तकाबद्दल एवढंच होतं की नाव लिहून घेतलं आहे, आजच मागवते. पुस्तक वाचून होईपर्यंत आभार अडवून ठेवणं ही नेहमीची चूक आहे. आठवडाभराने आलेले आभार शिळे वाटतात आणि तोवर निर्णयही झालेला असू शकतो. सुचवलेला मजकूर लेख असेल, तर रात्रीत वाचून पहिल्याच मेलमध्ये त्याबद्दल लिहावं. पुस्तक असेल तर दुसरं पत्र पाच-सात दिवसांत जावं. पूर्ण वाचून झालं नसेल तर “तीन प्रकरणं वाचली” असं सरळ लिहावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

सहाव्या दिवशी तिचं दुसरं पत्र आलं. ते इंग्रजीत होतं. मराठीत त्याचा मजकूर साधारण असा:

“नमस्कार सर, तुम्ही सांगितलेलं गवांदे यांचं पुस्तक वाचून झालं. मला सगळ्यात उपयोगी पडला तो यादी कुठे वाचायची हा मुद्दा. आमच्या कारखान्यात डिस्पॅचची यादी 34 मुद्द्यांची होती आणि ती पाळी संपताना भरली जायची. चुकीच्या लेबलचे ट्रक गेले त्या दोन्ही दिवशी यादीवर सगळ्या खुणा होत्या. तेव्हा मी लोडरला दोष दिला होता. आता वाटतं, यादीच चुकीच्या वेळी भरली जात होती. मी सहाच मुद्दे ठेवीन आणि ट्रकला सील लावण्याआधी लोडर आणि चेकर यांनी ते मोठ्याने वाचावेत असं करीन. एक शंका आहे. तुमच्याकडे रात्री एकच चेकर असतो असं तुम्ही म्हणाला होतात. मग दुसरा आवाज कोणाचा असावा?”

एवढंच पत्र. ते वाचताच तिने पुस्तक खरोखर वाचलं आहे हे मला कळलं. सारांश वाचून लिहिणारा उमेदवार म्हणतो, “चेकलिस्टचं महत्त्व समजलं.” ते तर मुखपृष्ठावरूनही समजतं. पुस्तकाच्या आत गेल्यावर सापडते ती ‘थांबण्याची जागा’. काम नेमकं कोणत्या क्षणी थांबवून यादी वाचायची, हे आधी ठरलेलं असावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गवांदे यांच्या गटाने केलेल्या शस्त्रक्रियेच्या यादीत 19 मुद्दे आहेत, पण ते तीन थांब्यांत वाटलेले आहेत: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून हलवण्याआधी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आलं. एका थांब्यावर साधारण पाच ते नऊच मुद्दे असावेत, हेही पुस्तकात आहे. तिचे सहा मुद्दे आणि सील लावण्याआधीची जागा तिथूनच आली होती. तरी तिने यातला एकही आकडा मला ऐकवला नाही. ते मला माहीत होते. मला माहीत नव्हता तो तिच्या कारखान्यातला पाळी संपतानाचा प्रसंग.

म्हणून अशा पत्रात तीनच गोष्टी लागतात. पुस्तकातला एक नेमका मुद्दा, त्यामुळे स्वतःच्या कामाकडे बघण्यात पडलेला फरक, आणि त्या कंपनीच्या कामाशी जुळणारं एखादं वाक्य किंवा प्रश्न. दीडशे शब्दांत हे बसतं. दोन-तीन मुद्दे घेतले की पत्र शाळेतल्या पुस्तक परीक्षणासारखं होतं. “तुमची निवड अप्रतिम आहे” हे वाक्यही गाळावं, कारण ते पुस्तक न उघडताही लिहिता येतं.

पुस्तक पटलं नाही तर? तेही लिहिता येतं, मात्र कारण देऊन. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 101 रुग्णालयांत ही शस्त्रक्रियेची यादी लागू झाली, पण 2014 साली छापलेल्या अभ्यासात मृत्यू किंवा गुंतागुंत यांत लक्षणीय घट दिसली नाही. एखाद्या उमेदवाराने हे दाखवून “नुसता फॉर्म लागू करून भागत नाही, माणसांनी तो मनापासून वाचायला हवा” असं लिहिलं, तर मला ते कौतुकाच्या चार ओळींपेक्षा जास्त आवडेल.

पत्र कोणाला लिहायचं, इथेही गोंधळ होतो. मुलाखत तिघांनी घेतली असेल, तरी पुस्तकाचं पत्र ज्याने पुस्तक सुचवलं त्यालाच जावं. त्याचा पत्ता नसेल तर एचआरला “सरांपर्यंत पोचवाल का?” अशी विनंती करावी. उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची आठवण करून देऊ नये. निकालाची चौकशी करायची असेल तर ती वेगळ्या मेलमध्ये करावी. पुस्तकाच्या आडून “माझं काय झालं?” विचारलं की आधीच्या सगळ्या मजकुराची किंमत जाते.

या पत्राची मर्यादाही सांगायला हवी. ज्या कामाला तीन वर्षांचा अनुभव लागतो, ते काम पुस्तक वाचून मिळत नाही, आणि कधी कधी पत्र पोचण्याआधीच जागा भरलेली असते. त्या मुलीच्या बाबतीत आमच्यापुढे तोलामोलाचे दोन उमेदवार होते. तिचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी तिला फोन केला, आणि रात्रीच्या चेकरबद्दल आम्ही वीस मिनिटं बोललो. दुसरा आवाज ट्रक ड्रायव्हरचा असावा, हे त्या बोलण्यातून निघालं. तिची निवड त्या बोलण्यावर झाली.

तेव्हा पुढच्या मुलाखतीला जाताना खिशात वही-पेन ठेवा. पुस्तकाचं नाव कानावर पडलं की तिथेच लिहून घ्या, लेखकाच्या नावाचं स्पेलिंग विचारा आणि “यातलं कोणतं प्रकरण आधी वाचू?” असंही विचारा. आणि वाचणं झालंच नाही, तर पत्रात त्या पुस्तकाचा उल्लेख करू नका. ज्याने ते सुचवलं आहे त्याने ते वाचलेलं असतं.