लॅपटॉप चारशे, पण कामाच्या किल्ल्या किती?

सोमवारी सकाळी ऑफिसचा लॅपटॉप सुरू केला आणि नेहमीच्या पासवर्डऐवजी निळा पडदा समोर आला, तर त्याचा अर्थ एकच असतो: डिस्क कुलूपबंद आहे आणि बिटलॉकर तुमच्याकडे ४८ आकडी रिकव्हरी की मागतो आहे. की असेल तर पाच मिनिटांत काम सुरू होतं. नसेल, तर त्या डिस्कवर जे काही आहे ते गेलं. मायक्रोसॉफ्टला फोन करून ते परत मिळत नाही, कारण त्यांच्याकडेही दुसरी वाट नाही. हे एका लॅपटॉपच्या बाबतीत झालं तर हेल्पडेस्क निभावून नेतं. एकाच रात्री चारशे लॅपटॉपांचं बायोस सेटिंग बदललं आणि सकाळी त्यांतल्या दीडशेंनी की मागितली, तर कंपनीचा तो दिवस बुडतो.

सध्या ही वेळ अनेक ऑफिसांवर येते आहे. लॅपटॉप सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅमच चालू द्यायचे, ही जबाबदारी सिक्युअर बूटची. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०११ साली दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपते आहे. त्यामुळे नवं फर्मवेअर चढवणं, जिथे सिक्युअर बूट बंद राहिलं आहे तिथे ते सुरू करणं अशी कामं घाऊक प्रमाणात निघाली आहेत. आणि बिटलॉकरला नेमकी हीच गोष्ट खटकते.

ती का खटकते, हे आधी समजून घेऊ. डिस्क उघडणारी किल्ली लॅपटॉपच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये बंदिस्त असते. लॅपटॉप सुरू होताना प्रत्येक टप्प्याची मोजणी होते: फर्मवेअर कोणतं, सिक्युअर बूट चालू की बंद, विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम कोणता. ही मोजणी आधीच्या नोंदीशी जुळली तरच चिप किल्ली सोडते. लॅपटॉप चोरून कुणी त्यात फेरफार केला तर मोजणी बिघडते आणि डिस्क बंदच राहते. फेरफार चोराने केला की कंपनीच्या आयटी विभागाने, हे मात्र चिपला कळत नाही. सिक्युअर बूट सुरू असलेल्या लॅपटॉपवर बिटलॉकर सहसा त्याच्याच मोजणीवर विसंबतो, म्हणून साध्या फर्मवेअर अपडेटने तिथे काही बिघडत नाही. सिक्युअर बूट बंद असेल तर तो खुद्द फर्मवेअर मोजतो आणि तिथे साधं अपडेटही पडदा आणू शकतं. म्हणजे ज्या लॅपटॉपांवर सेटिंग बदलायचं आहे, नेमके तेच सगळ्यात नाजूक.

यावर आयटी विभागाचं ठरलेलं उत्तर असतं, ‘सगळ्या की जमा आहेत, काळजी नको.’ बिटलॉकरची की मायक्रोसॉफ्ट एन्ट्रामध्ये किंवा कंपनीच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीत आपोआप साठवता येते आणि बहुतेक कंपन्यांनी तशी व्यवस्था केलेलीही असते. पण ‘की जमा आहे’ आणि ‘या लॅपटॉपची आजची की जमा आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या ऑफिसात प्रत्येक फ्लॅटची जादा किल्ली टांगलेली असावी, पण मधल्या काळात काहींनी कुलूपच बदललेलं असावं, तसं हे आहे. खिळ्यांवरच्या किल्ल्या मोजून त्याचा पत्ता लागत नाही.

कुलूप बदलतं कसं? लॅपटॉप फॉरमॅट करून दुसऱ्या कर्मचाऱ्याला दिला की डिस्क नव्याने एन्क्रिप्ट होते आणि नवी की तयार होते. नवी की जमा होण्याच्या वेळी नेटवर्क नसलं तर यादीत जुनीच राहते. काही लॅपटॉप दुकानातून येतानाच एन्क्रिप्ट झालेले असतात आणि पहिल्यांदा चालू करणाऱ्याने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असतं. त्यांची की कंपनीकडे नसते, त्या व्यक्तीच्या खासगी खात्यात पडून असते. आणि सर्वांत वाईट प्रकार साफसफाईचा. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत की ही त्या कॉम्प्युटरच्या नोंदीच्या पोटात ठेवलेली असते. ‘सहा महिने न दिसलेली उपकरणं काढून टाका’ म्हणून कुणी नोंद पुसली, की तिच्यासोबत कीही जाते. एन्ट्रातही उपकरण पुसलं की त्याच्या की जातात. म्हणून घाऊक बदलाच्या आधीचा महिना-दोन महिने अशी साफसफाई थांबवावी, असं माझं ठाम मत आहे.

मग तपासणी कशी करायची? त्याची खूण निळ्या पडद्यावरच लिहिलेली असते. ४८ आकड्यांच्या जागेजवळ `Recovery key ID` या नावाने अक्षरं-आकड्यांची एक ओळखसंख्या दिसते. ती गुप्त नसते. प्रत्येक कीची ओळखसंख्या वेगळी असते आणि की बदलली की तीही बदलते. म्हणून तपासणी लॅपटॉपच्या नावावरून न करता या ओळखसंख्येवरून करायची. लॅपटॉपलाच विचारायचं की तुझ्या सध्याच्या कीची ओळखसंख्या काय, आणि तीच संख्या साठ्यात आहे का ते पाहायचं. प्रत्येक लॅपटॉपवर अॅडमिनच्या अधिकाराने चालवायच्या ओळी इतक्याच:

```powershell
(Get-BitLockerVolume -MountPoint "C:").KeyProtector |
  Where-Object KeyProtectorType -eq "RecoveryPassword" |
  Select-Object KeyProtectorId
```

शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. ती गाळली तर ओळखसंख्येसोबत खुद्द ४८ आकडी कीही उत्तरात येऊ शकते आणि मग चारशे लॅपटॉपांच्या की एखाद्या लॉग फाइलमध्ये उघड्यावर जाऊन बसतात. तपासणीसाठी की जमवायचीच नाही, फक्त तिची ओळख जमवायची. लॅपटॉपला D ड्राइव्ह असेल तर त्याची की वेगळी असते, तोही विचारात घ्यायचा.

आता समजा, पुण्यातल्या एका कंपनीत चारशे लॅपटॉप आहेत. यादीत नावं शोधली तर ३९१ नावांपुढे निदान एक की सापडते. अहवालात ‘जवळपास ९८ टक्के’ असं लिहून मोकळं होता येईल. त्याऐवजी लॅपटॉपांना विचारलं. ३७६ जणांनी उत्तर दिलं, २४ लॅपटॉप नेटवर्कवर आलेच नाहीत. उत्तर दिलेल्या ३७६ पैकी ३५१ ओळखसंख्या साठ्याशी जुळल्या. १४ लॅपटॉपांवर की होती, पण साठ्यात वेगळीच होती. ७ लॅपटॉप टीपीएमवर उघडत होते, पण रिकव्हरी की कधी तयारच झाली नव्हती. ४ एन्क्रिप्टच नव्हते. म्हणजे ज्यांच्याबद्दल खात्रीने बोलता येईल, असे लॅपटॉप ३५५. उरलेले ४५ आपण ‘९८ टक्के’ म्हणताना हिशोबातच धरले नसते.

यापुढचं काम सोपं आहे. त्या १४ लॅपटॉपांवरची की पुन्हा साठ्यात पाठवायची. एन्ट्रासाठी `BackupToAAD-BitLockerKeyProtector` आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरीसाठी `Backup-BitLockerKeyProtector` ही आज्ञा आहे. सातांवर आधी रिकव्हरी की तयार करायची, मग पाठवायची. पाठवली म्हणजे पोचली असं धरायचं नाही. दुसऱ्या दिवशी साठ्यातून नवी यादी काढून ओळखसंख्या पुन्हा जुळवायच्या. आणि उत्तर न देणाऱ्या २४ लॅपटॉपांना या फेरीतून सरळ बाहेर ठेवायचं. इथे बहुतेक ठिकाणी घाई होते. तारीख ठरलेली असते, वरिष्ठांना आकडा पूर्ण हवा असतो, आणि ‘ते आले की त्यांनाही आपोआप सेटिंग लागेल’ म्हणून आज्ञा सगळ्यांना सोडली जाते. तीन आठवड्यांनी लातूरहून काम करणारा कुणीतरी लॅपटॉप उघडतो आणि निळा पडदा पाहतो. तेव्हा ती मोहीम कुणाच्या लक्षातही नसते.

की साठ्यात असणं पुरेसं नाही, साठ्यापर्यंत पोचताही आलं पाहिजे. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ते दुरुस्त करायला अनेक ठिकाणी बिटलॉकरची की लागत होती आणि काही कंपन्यांत की ज्या सर्व्हरवर होत्या तोच बंद पडला होता. म्हणून की वाचण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्या मंडळींचे लॅपटॉप पहिल्या तुकडीत कधीच घेऊ नयेत.

प्रत्यक्ष बदलाच्या रात्री बिटलॉकर तात्पुरता स्थगित करतात, म्हणजे चिपने अडवायचा प्रश्नच येत नाही:

```powershell
Suspend-BitLocker -MountPoint "C:" -RebootCount 2
```

शेवटचा आकडा किती रिस्टार्टपर्यंत स्थगिती राहील ते सांगतो. काही न लिहिल्यास तो १ असतो आणि तिथेच घात होतो, कारण काही मॉडेल सेटिंग लावायला दोनदा रिस्टार्ट होतात. प्रत्येक मॉडेलचा एक लॅपटॉप आधी समोर ठेवून रिस्टार्ट मोजावेत. उलट ० लिहिलं तर हाताने सुरू करेपर्यंत स्थगिती उठत नाही. स्थगितीत डिस्क एन्क्रिप्टच राहते, पण तिची किल्ली डिस्कवरच उघडी ठेवलेली असते. असा लॅपटॉप रिक्षात विसरला तर तो बिनकुलपाचाच. म्हणून सकाळी दुसरी तपासणी करायची: प्रत्येक लॅपटॉपवर `manage-bde -status C:` मध्ये `Protection On` दिसतं का?

इतकं करूनही पाच-दहा जणांना निळा पडदा येईल. त्यांना फोनवर की सांगताना एक सोय हाताशी आहे. ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. १३५७९५ चालेल, ऐकण्यात चूक होऊन १३५७५९ टाइप झालं तर चालणार नाही, आणि विंडोज तो गट तिथेच नाकारतं. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे झाले तरी ते लगेच पकडलं जातं. म्हणून घाई न करता एकेक गट सांगावा. व्हॉट्सअॅपवर पाठवू नये. पाठवलीच तर लॅपटॉप सुरू झाल्यावर ती की बदलून टाकावी.

आणि तुम्ही आयटीत नसाल, तर तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या आहेत. ‘आज रात्री लॅपटॉप चार्जरला लावून, चालू आणि इंटरनेटला जोडलेला ठेवा’ असा निरोप आला तर तो पाळा. आणि घरच्या लॅपटॉपची कीदेखील आजच पाहून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर ती `account.microsoft.com/devices/recoverykey` इथे मिळते. तिथली ओळखसंख्या लॅपटॉपवरच्या ओळखसंख्येशी जुळवा, आणि की लॅपटॉपच्या बाहेर, कागदावर लिहून ठेवा.