माल नवा, अंदाज कशावरून?

नेहमीच्या मालाची मागणी काढायची तर मागच्या तीन-चार वर्षांचा खप समोर मांडतात, सणासुदीची चढउतार लक्षात घेतात आणि पुढचा आकडा ठरवतात. नव्या मालाला मागचे वर्षच नसते. तरीही कापड मागवावे लागते, कारखान्यातली जागा राखून ठेवावी लागते, आणि तेही पहिले गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकण्याच्या कितीतरी महिने आधी. अशा वेळी आधाराला दोनच गोष्टी असतात. पूर्वी विकलेला मिळताजुळता माल ही एक आणि अगदी सुरुवातीला आलेल्या ऑर्डरी ही दुसरी. दोन्ही आधार कच्चे असतात. ते किती कच्चे आहेत हे आकड्यांत मांडता आले, तर मात्र त्यांच्यावर बरेच काही उभारता येते.

या कामाचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले आहे. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी, म्हणजे स्कीइंगसाठी, लागणारे कपडे बनवणारी स्पोर्ट ओबरमायर ही ॲस्पेन गावची कंपनी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मार्शल फिशर, जॅनिस हॅमंड आणि अनंत रामन या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी कंपनीचे वॉल्टर ओबरमायर यांच्यासोबत तिच्या नियोजनावर काम केले आणि १९९४ साली त्यावर लेख लिहिला. या धंद्यात दरवर्षी जवळजवळ सगळी डिझाइने नवी असतात. त्या काळी मार्चमध्ये लास व्हेगासला भरणाऱ्या व्यापारी प्रदर्शनात किरकोळ विक्रेते बहुतेक ऑर्डरी नोंदवत. पण जाकिटे शिवली जात हाँगकाँग आणि चीनमध्ये. प्रदर्शनाची वाट पाहत बसले तर हंगामापूर्वी सगळा माल शिवून होत नसे, म्हणून बराच माल आदल्या नोव्हेंबरपासूनच कारखान्यात घालावा लागे. तेव्हा हातात एकही ऑर्डर नसे.

पहिला आधार जुन्या मालाचा. येथे ‘मिळताजुळता’ म्हणजे दिसायला सारखा, असा अर्थ घेतला की गाडी चुकीच्या रुळावर जाते. खरेदीचा निर्णय ज्या गोष्टींवर ठरतो त्यांत साम्य हवे. स्त्रियांचे, मध्यम किमतीचे, गडद रंगाचे जाकीट हे त्याच किमतीच्या आणि त्याच दुकानांत विकल्या गेलेल्या जुन्या जाकिटाशी ताडून पाहावे, मग त्याची कॉलर वेगळी असली तरी चालते. एकच जुळा शोधण्यापेक्षा आठ-दहा चुलतभावंडे गोळा केलेली बरी, कारण एकाच्या खपात योगायोगाचा वाटा किती होता हे कधीच कळत नाही.

या निवडीत दोन खड्डे आहेत. पहिला स्मरणशक्तीचा. ‘यासारखे पूर्वी काय होते?’ असे विचारले की लोकांना गाजलेला माल आठवतो. पडून राहिलेला माल कॅटलॉगमधून गेलेला असतो आणि डोक्यातूनही. म्हणून यादी आठवणीतून करू नये. किंमत, प्रकार, रंग असे निकष आधी लिहावेत आणि त्यांत बसणारा सगळा जुना माल नोंदवहीतून काढावा, फसलेलासुद्धा. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे, कारण तो हिशेबाच्या पक्क्या आकड्यांत लपलेला असतो. एखादे जाकीट ९०० नग विकले गेले अशी नोंद असते, पण शिवलेच ९०० होते आणि डिसेंबरातच संपले, हे त्या ओळीत दिसत नाही. हा खप आहे, मागणी नव्हे. ज्या मालाचा साठा हंगाम संपण्याआधी संपला, त्याचा आकडा तो संपल्याच्या तारखेवरून वाढवून घ्यावा लागतो. तसे न केल्यास सर्वांत लोकप्रिय मालाची मागणीच सर्वांत कमी लेखली जाते आणि तीच चूक पुढच्या वर्षी पुन्हा होते.

जुन्या मालाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो बहुधा कोणी करत नाही. प्रत्येक जुन्या डिझाइनसाठी हंगामापूर्वी किती नगांचा अंदाज केला होता आणि प्रत्यक्ष मागणी किती निघाली, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहायचे व दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. भागाकार एकाच्या आसपास घोटाळत असतील तर अंदाज करणारी मंडळी सरासरीने बरोबर आहेत. सगळे एकाच्या खाली असतील तर त्यांना उत्साहाची सवय आहे, आणि नव्या आकड्यातून ती वजा करता येते. भागाकारांचा विखार, म्हणजे ते अर्ध्यापासून दीडपर्यंत पसरले आहेत की ०.९ ते १.१ मध्येच आहेत, हे तर त्याहून मोलाचे. नव्या मालाच्या एका आकड्याभोवती केवढी मोकळी जागा सोडायची हे त्यावरून कळते.

पण सगळ्याच नव्या डिझाइनांना सारखीच मोकळी जागा सोडणे बरोबर नाही. काळे, साधे जाकीट आणि भडक रंगाचे जाकीट यांतले दुसरे जास्त बेभरवशाचे, हे अनुभवी माणसाला न सांगता कळते. प्रश्न ते मोजायचे कसे हा असतो. ओबरमायरने यासाठी जी युक्ती केली ती या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल. पूर्वी खरेदी समितीचे सदस्य एकत्र बसून चर्चेने एक आकडा ठरवत. त्यात मोठ्या आवाजाच्या किंवा मोठ्या हुद्द्याच्या माणसाचे मत सर्वांचे होऊन जाई. नव्या पद्धतीत प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता स्वतःचा आकडा द्यायचा असे ठरले. ‘गेल’ नावाच्या जाकिटासाठी सहा जणांनी दिलेले आकडे असे होते: ९००, १०००, ९००, १३००, ८०० आणि १२००. सरासरी येते १०१७. हे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब आहेत याचे माप, म्हणजे प्रमाण विचलन, येते १९४.

सरासरी कोणीही काढली असती. मतभेदाचा आकडाही कामाचा असतो, हे येथे हेरले गेले. ज्या डिझाइनवर सहाही जण जवळजवळ सारखे बोलत, तिथे प्रत्यक्ष मागणी सरासरीच्या जवळ निघे. जिथे आकडे चहूकडे पांगत, तिथे अंदाजही मोठ्या फरकाने चुके. मात्र सहा माणसे एकाच बाजारात वावरतात आणि एकच कॅटलॉग पाहतात, त्यामुळे त्यांच्यातला मतभेद खऱ्या अनिश्चिततेपेक्षा लहान असतो. कंपनीच्या अनुभवानुसार खरी चूक मतभेदाच्या सुमारे दुप्पट असे. म्हणून ‘गेल’साठी १०१७ च्या दोन्ही बाजूंना ३८८ ची सूट धरली गेली. सदस्यांना आधी एकमेकांचे आकडे दिसले तर ही सगळी पद्धत कोसळते. मतभेद नाहीसा होतो, अनिश्चितता मात्र तिथेच राहते.

दुसरा आधार पहिल्या ऑर्डरींचा. ओबरमायरने मार्चच्या प्रदर्शनाची वाट न पाहता फेब्रुवारीत काही निवडक मोठ्या विक्रेत्यांना ॲस्पेनला बोलावले, नवा माल दाखवला आणि ऑर्डरी घेतल्या. एकूण ऑर्डरींपैकी सुमारे २० टक्केच हाती आल्या तरी अंदाज कमालीचा सुधारतो, असे अभ्यासात दिसले.

या ऑर्डरींवरून एकूण मागणी काढण्याचा हिशेब वरवर सोपा आहे. समजा, ‘गेल’साठी अशा लवकरच्या ३०० ऑर्डरी आल्या. (हा आकडा केवळ समजावण्यासाठी घेतला आहे.) मिळत्याजुळत्या जुन्या मालात लवकरच्या ऑर्डरी एकूण मागणीच्या सरासरी २० टक्के होत्या, तर ३०० ला ०.२० ने भागून १५०० मिळतात. पण तो वाटा कधी १५ टक्के, कधी २५ टक्के असा हलत आला असेल, तर खरी मागणी १२०० पासून २००० पर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे या नव्या अंदाजातही सुमारे ४०० ची सूट आहे, समितीच्या अंदाजाइतकीच. दोघांचा भरवसा सारखा, म्हणून दोघांना सारखे वजन द्यायचे: १०१७ आणि १५०० यांच्या मधोमध, सुमारे १२६०. दोन स्वतंत्र साक्षी एकत्र आल्याने सूटही ४०० वरून २८० च्या आसपास उतरते. लवकरच्या ऑर्डरींचा वाटा दरवर्षी १९ ते २१ टक्क्यांतच राहत असता, तर समितीचे मत जवळजवळ बाजूला ठेवून १५०० च्या बाजूला सरकावे लागले असते.

हा वाटा कोणत्या मालावरून घेतला, यावर सगळे अवलंबून असते. मराठी प्रकाशकांना हे प्रकाशनपूर्व सवलतीच्या नोंदणीतून ठाऊक असते. नावाजलेल्या लेखकाचे चाहते सवलत जाहीर होताच नोंदणी करतात. नवोदिताचे पुस्तक विकले गेलेच तर परीक्षणे आल्यावर, हळूहळू. पहिल्याच्या नोंदणीचा वाटा दुसऱ्याला लावला तर नवोदिताचे पुस्तक कमी छापले जाईल. सवलत वाढवली की नोंदणीही वाढते, पण त्यातले अनेक जण पुढेही पुस्तक घेणारच होते. ती मागणी वाढलेली नसते, अलीकडे ओढलेली असते.

असेच काही घडले आहे का, हे ओळखण्याची एक खूण आहे. एकाच वेळी सर्वच डिझाइनांच्या लवकरच्या ऑर्डरी अपेक्षेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त आल्या, तर सगळीच जाकिटे गाजणार आहेत असे मानण्यापेक्षा यंदा जास्त विक्रेते आले किंवा त्यांनी घाई केली असे मानणे शहाणपणाचे. अशा वेळी प्रत्येक डिझाइनने इतरांच्या तुलनेत किती मजल मारली तेवढेच वाचावे. टंचाईची कुजबुज असेल तर आणखी सावध राहावे लागते. माल कापून मिळणार असे वाटले की विक्रेते ६० हवे असताना १०० मागतात आणि नंतर ४० रद्द करतात. रद्द करायला काहीच भुर्दंड पडत नसेल तर ती ऑर्डर म्हणजे फक्त चौकशी समजावी.

अंदाज तयार झाला तरी तोच आकडा शिवायला टाकायचा नसतो. एक जाकीट कमी पडले तर घाऊक किमतीच्या २४ टक्के नफा बुडतो आणि एक उरले तर ८ टक्के तोटा होतो, असे धरले होते. कमी पडणे तिप्पट महाग असल्याने अखेरची एकूण संख्या सरासरीच्या वर, ‘गेल’साठी पहिल्या अंदाजानुसार १२७५ च्या आसपास, ठेवणे परवडते. नोव्हेंबरात मात्र याच्या उलट वागायचे. त्या वेळी शिवायला घ्यायची ती मतभेद कमी असलेली डिझाइने आणि तीही सरासरीपेक्षा कमी. वादग्रस्त डिझाइने ऑर्डरी दिसेपर्यंत राखून ठेवायची. यात कारखान्याची अट आडवी येते. चीनमध्ये एका डिझाइनचे किमान १२०० नग घ्यावे लागत, हाँगकाँगमध्ये ६००, पण तिथली शिलाई महाग. म्हणजे १०१७ चा अंदाज असलेले ‘गेल’ चीनमध्ये आधीच टाकले तर अंदाजापेक्षा जास्त माल पहिल्याच दिवशी गळ्यात पडतो. हाँगकाँगला ६०० टाकून बाकीचे फेब्रुवारी-मार्चनंतर ठरवता येतात. नगामागे जास्त पैसे मोजावे लागतात ते या थांबण्याच्या मुभेचे.