तिसऱ्या शिरेपाशी थांबा

गोठ्याच्या भिंतीवर तिरका बसलेला डास बहुधा अ‍ॅनोफिलीस असतो. पण क्युलिसिफेसीस क्युलेक्ससारखा जवळपास आडवाही बसतो. म्हणून नुसत्या बैठकीवर विसंबू नये. ओळख-किल्लीत प्रत्येक पायरीला दोनच पर्याय असतात. मिशा झुपकेदार नाहीत, म्हणजे मादी. सोंडेशेजारचे स्पर्शक सोंडेएवढे लांब, म्हणजे अ‍ॅनोफिलीस. स्पर्शकांवर पांढरे ठिपके विखुरलेले असून टोकाकडचे दोन पांढरे पट्टे रुंद असतील तर स्टीफेन्सी. ठिपके नाहीत, टोकाचा पट्टाच रुंद? मग भिंगाखाली पंखाची तिसरी शीर पाहा: बहुतांश काळी असेल तर क्युलिसिफेसीस, बहुतांश फिकट असेल तर फ्लुव्हिएटिलिस. चिमटा पंखाला लागला की खवले झडतात आणि काळी शीर फिकट भासते. म्हणून दोन्ही पंख ताडून पाहावेत.