तडजोडीचं पत्र आधी, पैसे नंतर

क्रेडिट कार्डाची थकबाकी व्याजासकट 1,80,000 रुपयांवर गेली आहे आणि वसुली एजंट फोनवर म्हणतो, ‘सत्तर हजार भरा, विषय संपला.’ समजा, तुम्ही भरलेत. वर्षभराने उरलेल्या 1,10,000 रुपयांची नोटीस येते, तीही बँकेने हे कर्ज ज्या कंपनीला विकलं तिच्याकडून. फोनवरचा शब्द तेव्हा सिद्ध कसा करणार?

कमी रक्कम घेऊन बाकी सोडण्याची मुभा 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 63 धनकोला देतं. पण त्याने ती सोडली, याचा लेखी पुरावा हवा. म्हणून पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ई-मेलवरून पत्र मागा. त्यात खातेक्रमांक, ठरलेली रक्कम आणि भरण्याची तारीख हवी. शिवाय ही ‘पूर्ण व अंतिम’ तडजोड असून व्याज, दंड वा शुल्कापोटी बँक किंवा हे कर्ज विकत घेणारा कोणीही पुढे दावा करणार नाही, हे वाक्य हवंच. कोर्टात केस असेल तर ती मागे घेण्याचाही उल्लेख करून घ्या.

हप्ते ठरले असतील तर तारीख पाळा. एक चुकला तरी तडजोड रद्द, अशी अट बहुधा असते. एजंटच्या हातात रोख देऊ नका. रक्कम थेट खात्यात भरा आणि ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्या. क्रेडिट अहवालात मात्र ‘सेटल्ड’ हा शेरा काही वर्षं राहतो आणि नवं कर्ज मिळणं अवघड होतं. पूर्ण रक्कम भरणं झेपत असेल, तर तडजोड करू नका.