एका ९५ ने सरासरी बिघडते तेव्हा

समजा, तुमच्या घरापासून आईच्या ऑफिसला जायला तीन रस्ते आहेत: हायवे, गावातला रस्ता आणि नदीकाठचा रस्ता. कोणत्या रस्त्याने लवकर पोहोचतो, हे आईला शोधायचं आहे. म्हणून तिने पंधरा दिवस रोज सकाळी चिठ्ठी काढली आणि चिठ्ठीत आलेल्या रस्त्याने गाडी नेली. प्रत्येक रस्त्याच्या वाट्याला पाच दिवस आले. लागलेली मिनिटं अशी:

हायवे: २१, २३, २४, २६, ९५
गावातला रस्ता: २८, ३०, ३१, ३३, ३४
नदीकाठ: ३५, ३६, ३८, ३९, ४१

एक दिवस हायवेवर अपघात झाला होता, म्हणून ते ९५. आता सरासरी काढा. हायवे ३७.८, गाव ३१.२ आणि नदीकाठ पुन्हा ३७.८! म्हणजे सरासरीच्या मते हायवे आणि नदीकाठ अगदी सारखे. पण आकडे नुसते बघितले तरी कळतं की पाचपैकी चार दिवस हायवेच सगळ्यांत वेगवान होता.

तीन किंवा जास्त गटांची तुलना करायला सहसा वन-वे अनोव्हा ही चाचणी वापरतात. ती सरासरीवर चालते. गटांच्या सरासऱ्यांमधला फरक हा गटांच्या आतल्या चढउतारापेक्षा बराच मोठा आहे का, हे ती बघते. इथे ९५ मुळे हायवेच्या गटातला चढउतार प्रचंड वाढला. त्यामुळे अनोव्हाची पी-व्हॅल्यू ०.८१ येते. याचा अर्थ, रस्त्यांमध्ये फरक असल्याचा काही पुरावा तिला दिसत नाही.

१९५२ साली विल्यम क्रुस्कल आणि अ‍ॅलन वॉलिस या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग सुचवला. मिनिटं बाजूला ठेवा आणि फक्त नंबर बघा, शर्यतीत बघतो तसे. पंधराही आकडे एका रांगेत लावायचे, गट विसरून. सगळ्यांत लहान २१, त्याला पहिला नंबर. ९५ ला पंधरावा. दोन आकडे सारखे असतील तर त्यांचे नंबर वाटून घ्यायचे: पाचवा आणि सहावा सारखे आले, तर दोघांनाही साडेपाच.

मग प्रत्येक नंबर आपापल्या गटात परत न्यायचा. हायवेला मिळतात १, २, ३, ४ आणि १५. त्यांची सरासरी ५. गावाला ५ ते ९, सरासरी ७. नदीकाठाला १० ते १४, सरासरी १२. रस्त्यांमध्ये काहीच फरक नसता, तर नंबर तिन्ही गटांत मिसळले असते आणि प्रत्येकाची सरासरी ८ च्या आसपास आली असती. म्हणून ८ पासून कोण किती लांब आहे ते मोजू: ३, १ आणि ४. यांचे वर्ग ९, १ आणि १६, बेरीज २६. प्रत्येक गटात पाच दिवस, म्हणून पाचने गुणून १३०. शेवटी १२ ला (१५ × १६) ने भागून येणाऱ्या ०.०५ ने गुणायचं. उत्तर ६.५. या आकड्याला H म्हणतात.

तीन गटांसाठी H हा ५.९९ पेक्षा मोठा आला, तर हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता कमी मानतात. आपला ६.५ आहे. कॉम्प्युटरवर हेच दोन ओळींत होतं:

```python
from scipy.stats import kruskal
kruskal([21,23,24,26,95], [28,30,31,33,34], [35,36,38,39,41])
```

इथे पी-व्हॅल्यू ०.०३९ येते.

पण H एवढंच सांगतो की कुठेतरी फरक आहे. नेमका कोणत्या दोन रस्त्यांत, हे तो सांगत नाही. त्यासाठी पुढे डनची चाचणी करून जोड्या तपासाव्या लागतात. आणि गट स्वतंत्र हवेत. एकाच दिवशी तीन गाड्या तीन रस्त्यांनी पाठवल्या असत्या, तर त्या दिवसाचा पाऊस तिघींनाही लागला असता. मग ही चाचणी चालत नाही, फ्रीडमनची लागते.

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. ९५ च्या जागी ४२ असते किंवा ९५० असते, तरी नंबर पंधरावाच, आणि H सुद्धा तोच! रोजच्या प्रवासासाठी हे ठीक आहे. पण आईला विमान पकडायचं असेल, तर तो एक ९५ च सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नंबर लावताना तोच लपतो. म्हणून चाचणी निवडण्याआधी आकडे डोळ्यांनी बघा आणि आपला प्रश्न काय आहे ते ठरवा.

आता तुम्ही करून बघा: अपघात झालाच नाही आणि ९५ च्या जागी २२ मिनिटं लागली, तर H किती येईल? वहीत नंबर लावून काढा. उत्तर १२.५ यायला हवं.