एकाच पानावरून 20 आणि 10

पाणीपुरवठा योजनेचा आराखडा करायला सल्लागार नेमायचा असला की सगळ्यात कमी दर देणाऱ्यालाच काम मिळते असे नाही. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत गुणवत्ता आणि खर्च दोन्ही तोलून निवड करण्याची पद्धत आहे. आधी तांत्रिक प्रस्तावाला गुण मिळतात. ठरलेली किमान पातळी गाठणाऱ्यांचेच दराचे लिफाफे उघडतात.

समजा, ही पातळी 75 आहे आणि समितीत तिघे आहेत. एका कंपनीला त्यांनी 81, 71 आणि 73 गुण दिले. सरासरी बरोबर 75. कंपनी पास, लिफाफा उघडायला हरकत नाही!

पण पहिल्या दोघांमधला 10 गुणांचा फरक आला कुठून? सगळाच्या सगळा पथकप्रमुखाच्या अनुभवाच्या रकान्यातून. त्याला 20 गुण होते: एकूण अनुभवाचे 5, आणि नेतृत्व करून पूर्ण केलेल्या प्रत्येक शहरी पाणी योजनेचे 5, जास्तीत जास्त 15. एका सदस्याने 20 दिले, दुसऱ्याने 10. हा दुसरा सदस्य अभियंता. त्याने सहकारी सदस्याला, अध्यक्षांना प्रत ठेवून, ई-मेल केली:

"मॅडम, पथकप्रमुखाच्या रकान्यात आपले गुण बरेच वेगळे आहेत. पान 46 वर तीन योजना आहेत, हे मान्य. पण दोन ठिकाणी हुद्दा ‘डिझाइन इंजिनिअर’ दिसतो, म्हणून त्या मी धरल्या नाहीत. नेतृत्वाचे प्रमाणपत्र जोडपत्रात असेल आणि माझ्या नजरेतून सुटले असेल, तर माझे गुण वाढतील. बैठकीआधी आपण दोघांनी हे पान निकषासमोर ठेवून स्वतंत्रपणे पुन्हा वाचावे, असे सुचवतो."

‘तुमचे गुण कमी करा’ असे यात कुठेच नाही. वाद एका पानावर आणि एका हुद्द्यावर आणून ठेवला आहे, आणि कोणता कागद सापडला तर आपले मत बदलेल हेही सांगून टाकले आहे. ‘दोघेही 15 करू’ ही तडजोड सोपी होती, पण 15 म्हणजे दोन योजनांचे नेतृत्व, आणि कागद तसे म्हणतो असे दोघांपैकी कुणाचेच मत नव्हते.

खरी पंचाईत निकष मोघम असतो तेव्हा होते. ‘नेतृत्व’ म्हणजे उपप्रमुखही चालेल का? निविदेत लिहिलेले नसेल, तर एका कंपनीपुरता अर्थ लावता येत नाही. जो अर्थ ठरेल तो सगळ्या कंपन्यांच्या पथकप्रमुखांना लावून त्यांचे गुण पुन्हा तपासावे लागतात.

आणि हे सगळे दराचे लिफाफे बंद असतानाच. दर कळल्यावर बदललेला एक गुणही संशयास्पद ठरतो. जुनी गुणपत्रके फाडायची नसतात. मूळ आकडा, सुधारित आकडा, कारण आणि तारखेसह सही, असे सगळे फाइलला लागते. कारण नापास झालेली कंपनी उद्या दाद मागायला गेली, तर पहिल्यांदा तीच फाइल मागवली जाते.